आधी घर, मग शब्द

स्क्रॅबलमध्ये हरलेला माणूस बहुतेक वेळा पिशवीला दोष देतो. सगळे स्वर माझ्याच वाट्याला आले, दोन्ही कोऱ्या सोंगट्या समोरच्याला मिळाल्या, Q हातात अडकून बसला. ही तक्रार पुष्कळदा खरीही असते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधले एक वकील, इपोलीत वाउटर्स, यांनी या खेळाचा असा प्रकार रूढ केला की तक्रारीला जागाच उरली नाही. सगळ्यांना तीच सात अक्षरं, सगळ्यांपुढे तोच पट आणि सगळ्यांना तेवढाच वेळ. याला डुप्लिकेट स्क्रॅबल म्हणतात. फ्रेंच भाषकांमध्ये तो इतका रुजला की तिथे स्पर्धा म्हटलं की बरेचदा हाच प्रकार डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत तो मुख्यतः इंटरनेटवर खेळला जातो.

पद्धत सोपी आहे. सभागृहात प्रत्येक खेळाडूसमोर स्वतःचा पट आणि सोंगट्यांचा पूर्ण संच असतो. पंच पिशवीतून सात सोंगट्या काढून जाहीर करतो, प्रत्येकजण त्याच सात आपल्या रॅकवर लावतो आणि घड्याळ सुरू होतं. फ्रेंच स्पर्धांचा नेहमीचा वेळ तीन मिनिटांचा, झटपट प्रकारात एकच मिनिट. त्या वेळात तुम्ही चिठ्ठीवर शब्द, त्याची जागा आणि गुण लिहून द्यायचे. चिठ्ठ्या गोळा झाल्या की पंच ‘टॉप’ सांगतो, म्हणजे त्या अक्षरांतून त्या पटावर मिळू शकणारी सर्वाधिक गुणांची चाल. तुम्हाला गुण तुमच्या चालीचे मिळतात, पण पटावर टॉपच लागतो, आणि तोही सगळ्यांच्या. उरलेल्या अक्षरांत नवी भर पडते आणि पुढची चाल पुन्हा सगळ्यांसाठी सारखीच सुरू होते. शेवटी तुमची बेरीज टॉपच्या बेरजेच्या किती टक्के आली ते पाहतात.

यामुळे साध्या खेळातलं निम्मं डावपेचशास्त्र गळून पडतं. रॅकवर काय शिल्लक ठेवायचं याचा विचार करायची गरज नाही, कारण शिल्लक टॉप ठरवतो, तुम्ही नाही. समोरच्याला ट्रिपल वर्ड मोकळं करून देतोय का, ही काळजीही नाही. कोरी सोंगटी आत्ता दोन गुण जास्त देत असेल तर आत्ताच घालवायची. काम एकच उरतं: या क्षणी, या पटावर सर्वाधिक गुण कुठे आहेत ते शोधणं. माझ्या मते तो शोध शब्दांपासून सुरू करणारे बरेच गुण वाटेत सांडतात.

एक डाव घेऊ. इंग्रजी सोंगट्या, नेहमीचा पंधरा बाय पंधराचा पट. आडव्या ओळींना वरून खाली १ ते १५ आकडे, उभ्या रांगांना डावीकडून उजवीकडे A ते O. आडव्या शब्दाची जागा लिहिताना ओळीचा आकडा आधी येतो, म्हणजे 8D म्हणजे आठव्या ओळीत D रांगेपासून सुरू होणारा आडवा शब्द. उभ्या शब्दाची जागा उलट, D8 अशी.

पहिली चाल, पट रिकामा. रॅक आहे A E H I N R T.

पहिला प्रश्न नेहमी एकच: सातही अक्षरं एकदम लागतात का? लागली तर पन्नास गुणांचा बोनस मिळतो. त्याला इंग्रजी खेळाडू बिंगो म्हणतात. इथे शोध अवघड नाही. HAIR हा शब्द बाजूला काढला की NET उरतो, आणि HAIRNET तयार होतो. कुणाला INEARTH दिसेल, कुणाला THERIAN. तिन्ही शब्द चालतात. ज्यांना सातपैकी एकही दिसला नाही ते बहुधा HEART किंवा HERNIA लिहितील. HERNIA नीट ठेवला तर २६ गुण. बिंगो हुकण्याचं नुकसान किती मोठं असतं ते पुढच्या आकड्यावरून कळेल.

शब्द सापडला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पहिला शब्द मधल्या H8 घरावरून जायलाच हवा, आणि ते घर शब्दाचे गुण दुप्पट करतं. आठव्या ओळीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डबल लेटरचं घर आहे, D8 आणि L8. सात अक्षरी शब्द मधलं घर न सोडता या दोघांपैकी फार तर एक घेऊ शकतो. HAIRNET मध्ये H चे चार गुण, बाकी सहा अक्षरांचा एकेक, एकूण दहा. शब्द 8E पासून लावला तर एकही डबल लेटर मिळत नाही: दहाचे वीस, अधिक पन्नास, सत्तर. 8F पासून लावला तर शेवटचा T डबल लेटरवर पडतो आणि ७२ होतात. 8D पासून लावला तर H स्वतः डबल लेटरवर बसतो, दहाचे चौदा होतात, चौदाचे अठ्ठावीस, आणि एकूण ७८. शब्द तोच, अक्षरं तीच, आणि फरक आठ गुणांचा. H शेवटी असलेला INEARTH 8F पासून लावला की H नेमका L8 वर येतो, म्हणजे तेही ७८. THERIAN 8C पासून, पुन्हा ७८. बरोबरी झाली की पंच त्यातला एक निवडून पटावर लावतो, आणि ज्यांनी दुसरे दोन लिहिले त्यांचं काहीच बिघडत नाही. HERNIA वाले मात्र एका चालीत ५२ गुणांनी मागे पडले.

समजा पंचाने HAIRNET निवडला. आता दुसरी चाल. सातही अक्षरं खर्ची पडल्यामुळे नवी सात आली: C E I O T V X.

पुन्हा तोच प्रश्न, बिंगो आहे का? इथे उत्तर लवकर मिळतं. V आणि X एकाच शब्दात नांदतील असे शब्द मोजके. पटावरचं एक अक्षर धरून आठ अक्षरी शब्द करता येतो का तेही पाहायचं. R घेऊन VORTEX होतो, N घेऊन CONVEX होतो. दोन्ही शब्द देखणे आहेत, पण दोन्हींना रॅकवरची पाचच अक्षरं लागतात आणि पटावर दोघांचेही अठराच गुण होतात. सात अक्षरं एकत्र बसत नाहीत याची खात्री पटली की बिंगोचा नाद सोडायचा. अनुभवी खेळाडू यावर तीन मिनिटांतलं एखादं मिनिट घालवतात, त्याहून जास्त नाही. बिंगो नसताना तो शोधत बसणं हा या खेळातला सर्वात महागडा छंद आहे.

V सोडला तर उरलेल्या सहा अक्षरांचा EXOTIC होतो. तो बहुतेकांना दिसेल. आता तो कुठे लावायचा, इथून लोकांच्या वाटा वेगळ्या होतात.

ज्याला शब्द वाढवायची आवड आहे तो HAIRNET मधला A पकडतो आणि E रांगेत वरून खाली EXOTICA लिहितो. तो E5 या डबल वर्डवरून जातो, सोळाचे बत्तीस होतात. वाईट नाही. ज्याची नजर रंगांवर जाते त्याला J रांग दिसते. तिथे J6 आणि J10 ही दोन ट्रिपल लेटरची घरं आहेत, आणि मध्ये J8 वर HAIRNET चा T बसलेला आहे. EXOTIC मध्ये T चौथा. J5 पासून उभा EXOTIC लावला की X आपोआप J6 वर येतो आणि C आपोआप J10 वर. X चे आठाचे चोवीस, C चे तीनाचे नऊ, बाकी चार अक्षरांचे चार: सदतीस. दोन महाग अक्षरं दोन्ही तिपटीच्या घरांवर! हे सापडल्यावर माणूस पेन खाली ठेवतो, आणि तिथेच फसतो.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे शब्द थोडा वेळ विसरून पटाला विचारणं: X या एका सोंगटीचा सर्वात जास्त भाव कुठे मिळेल? अक्षराची किंमत एखाद्या घरावर वाढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एखादं अक्षर एकाच वेळी आडव्या आणि उभ्या अशा दोन शब्दांत मोडत असेल, तर वाढलेली किंमत दोन्हीकडे धरली जाते. म्हणून पाहायचं ते असं डबल किंवा ट्रिपल लेटरचं घर, जे पटावरच्या एखाद्या सोंगटीला चिकटून आहे आणि जिथे X बसला तर दोन अक्षरांचा वैध शब्द होतो.

आठव्या ओळीच्या वर आणि खाली, सातव्या आणि नवव्या ओळीत, C, G, I आणि M रांगांमध्ये डबल लेटरची घरं आहेत. त्यातली G आणि I HAIRNET ला चिकटलेली आहेत. G रांगेत R आहे, तिथे वर किंवा खाली X चालत नाही. I रांगेत E आहे, आणि E च्या खाली X म्हणजे EX. घर I9. इथे X चे आठाचे सोळा होतात. उभ्या EX मध्ये ते सोळा, आणि नवव्या ओळीत जो काही आडवा शब्द होईल त्यातही तेच सोळा. म्हणजे शब्द ठरण्याआधीच या एका घरात बत्तीस गुण पक्के, वर E चा एक. J6 च्या तिप्पट घरावर X चे चोवीसच होत होते, कारण तिथे तो एकाच शब्दात होता. एकेरी तिपटीपेक्षा दुहेरी दुप्पट जास्त देते, आणि हे गणित एकदा डोक्यात बसलं की नजर आपोआप अशी घरं शोधू लागते.

आता शब्द शोधायचा, पण मोकाट नाही. X ची जागा I9 ठरली आहे आणि तिच्या शेजारच्या घरांवर अटी आहेत. H9 वर जे अक्षर येईल ते N च्या खाली बसेल, तेव्हा तिथे NA, NE, NO, NU असं काहीतरी व्हायला हवं. आपल्या रॅकमधून E किंवा O. त्याच्याही डावीकडे G9 वर जायचं तर R च्या खाली RE एवढंच सोयीचं आहे, आणि E च्या पुढे एक अक्षर सोडून X येणारा शब्द या अक्षरांत नाही. म्हणजे शब्द H9 पासूनच सुरू होणार. X च्या उजवीकडे J9 वर T च्या खाली TA, TE, TI, TO पैकी एक, म्हणजे आपल्याकडचा E, I किंवा O. K9 पासून पुढे वर काही नाही, तिथे अटी संपतात.

मागणी अशी झाली: पहिलं अक्षर E किंवा O, दुसरं X, तिसरं स्वर, पुढे काहीही. EXIT बसतो. E, सोळाचा X, I, T मिळून १९. त्यात NE चे २, EX चे १७ आणि TI चे २ मिळवले की चाळीस. चार अक्षरांचा साधा शब्द सहा अक्षरांच्या दोन तिपटींच्या चालीला मागे टाकतो. आणि अजून पुढे पाहिलं तर नवव्या ओळीत M9 हे आणखी एक डबल लेटर आहे. H पासून M पर्यंत सहा घरं होतात. सहा अक्षरी, E ने सुरू होणारा, दुसरा X, तिसरा O असा आपला EXOTIC तिथेच जाऊन बसतो आणि त्याचा C नेमका M9 वर येतो.

```
     D E F G H I J K L M
 8   H A I R N E T . . .
 9   . . . . E X O T I C
```

मोजू. आडव्या शब्दात E चा १, X चे १६, O, T, I यांचे ३, C चे ६: एकूण २६. उभे शब्द तीन: NE चे २, EX चे १७, TO चे २. सगळे मिळून ४७. चिठ्ठीवर लिहायचं ते 9H, EXOTIC, ४७. ट्रिपल लेटरच्या J रांगेत तोच शब्द लिहिणारा दहा गुणांनी मागे पडला, EXOTICA वाला पंधरांनी.

हाच टॉप आहे हे तीन मिनिटांत कसं ठरवायचं? पूर्ण खात्री माणसाला क्वचितच होते, पण वरची मर्यादा बांधता येते. बिंगो नाही हे ठरलंय. HAIRNET च्या पुढे फक्त S लागतो आणि तो रॅकवर नाही, मागे काही लागत नाही. ट्रिपल वर्डची घरं कडेला आहेत आणि बिंगोशिवाय तिथपर्यंत पोहोचता येत नाही. उरतात दोन प्रकार: HAIRNET ला छेदणारे उभे शब्द आणि त्याला समांतर आडवे. छेदणाऱ्या शब्दात X एकदाच मोजला जातो, तेव्हा तिथून चाळिशीपुढे जाणं या अक्षरांना जमत नाही. समांतर शब्दांत X साठी I9 हून चांगलं घर नाही. आणि I9 वरचा सर्वात लांब शब्द, शेवटी डबल लेटरसकट, आपण घेतलाच आहे. मग निर्धास्त चिठ्ठी द्यायची.

स्पर्धेत आज हे काम संगणक करतो, आणि त्याची रीतही वरच्यासारखीच आहे. अँड्र्यू अपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आज्ञावली आधी पटावरच्या सोंगट्यांना चिकटलेली रिकामी घरं हेरते, मग त्या प्रत्येक घरासाठी कोणती अक्षरं चालतील याची यादी करून ठेवते, आणि त्यानंतरच शब्दसंग्रह उघडते. N च्या खाली काय चालेल, T च्या खाली काय चालेल हे आपण जे मनात केलं तेच. फरक एवढाच की ती एकही घर विसरत नाही.

माणूस कुठे चुकतो तेही ठरलेलं आहे. समांतर शब्द लावताना चार उभ्या जोड्यांपैकी तीन तपासायच्या आणि चौथी राहून जायची, हे फार होतं. एक जोडी अवैध असली तर अख्ख्या चालीला शून्य. यावर उपाय म्हणजे दोन अक्षरी शब्द पाठ असणं. इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते सव्वाशेच्या आसपास आहेत, आणि डुप्लिकेटसाठी ते हजार लांबलचक शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडतात असं माझं मत आहे. दुसरी चूक बेरजेची. डबल लेटरवर आधीपासून बसलेल्या सोंगटीला पुन्हा दुप्पट द्यायचं नसतं. D8 वरच्या H ने आपला बोनस पहिल्याच चालीत घेतला, आता कुणी HAIRNETS केला तर त्यात H चे चारच. तिसरी चूक जागा लिहिण्याची. 9H च्या जागी H9 लिहिलं तर शब्द उभा होतो, आणि बहुधा अवैध. उत्तम चाल शोधून शून्य मिळवणारा खेळाडू प्रत्येक स्पर्धेत एखादा तरी निघतो.

४७ लागल्यावर सगळ्यांच्या रॅकवर फक्त V उरतो, अगदी CONVEX लिहून तो वापरलेल्यांच्याही. त्यात नवी सहा अक्षरं येतात. फ्रेंच नियमांत पहिल्या पंधरा चालींपर्यंत रॅकवर किमान दोन स्वर आणि दोन व्यंजनं असावी लागतात, नाहीतर सगळी अक्षरं पिशवीत परत टाकून पुन्हा काढतात. साध्या खेळात EXOTIC लावताना मनात शंका आली असती: आता त्याच्या पुढे S लागेल, A लागेल, समोरचा N रांगेत काहीतरी मोठं लिहील. इथे ती शंका उलट खुशखबर आहे, कारण ती जागा तुमच्यासाठीही तेवढीच मोकळी झाली. पुढच्या चालीत सगळ्यात आधी पाहायचं घर N9 हेच.

आणखी एक गंमत. पुरेसे खेळाडू असलेल्या फ्रेंच स्पर्धेत टॉप एकट्यालाच सापडला तर त्याला वर दहा गुण मिळतात. त्याला ‘सोलो’ म्हणतात, आणि मोठ्या स्पर्धांत पहिल्या काही जागा बरेचदा एका-दोन सोलोंवर ठरतात.

घरी हा खेळ करून पाहायला वेगळं काही आणावं लागत नाही. एकच पट आणि एकच पिशवी पुरते. सोंगट्या सगळ्यांना दिसतील अशा मध्ये मांडा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि प्रत्येकाने गुपचूप कागदावर शब्द, जागा, गुण लिहा. संगणक नसेल तर तुमच्यातली सर्वोत्तम चाल हाच टॉप धरा आणि तीच पटावर लावा. चारजण असोत की चौदा, खेळ तेवढ्याच वेळात संपतो, आणि पिशवीला कुणी दोष देऊ शकत नाही.